एका पानाचं बिल, डिस्चार्ज कार्ड आणि टीपीएची क्वेरी

प्रश्न: आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात झालं. कॅशलेस नव्हतं, १,०२,००० रुपये भरले. पॉलिसी ३ लाखांची, तीन वर्षं पूर्ण झालीत. डिस्चार्ज कार्ड आणि बिल दिलं, तरी टीपीएची क्वेरी आलीय: डिटेल्ड ब्रेकअप, इनडोअर केस पेपर आणि ‘हायपरटेन्शन ५ वर्षांपासून’ याबद्दल डॉक्टरांचं पत्र द्या. हे लोक नक्की काय तपासतात? की पैसे न द्यायचं निमित्त आहे?

उत्तर:

निमित्त म्हणता येणार नाही. तीन मागण्यांपैकी दोन तर कोणत्याही क्लेममध्ये होतातच. तिसरी मात्र हलक्यात घेऊ नका, क्लेम अडकला तर तिथेच अडकेल. मी पूर्वी टीपीएत, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, बसून अशाच फायली तपासायचो, आता कोल्हापुरातच एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर असतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगतो.

टीपीएतला डॉक्टर फाईल उघडतो तेव्हा बिलाच्या एकूण रकमेकडे आधी बघत नाही. आधी डिस्चार्ज समरी, म्हणजे तुमचं डिस्चार्ज कार्ड, वाचतो आणि मनात एक वेळापत्रक मांडतो: पेशंट किती वाजता दाखल झाला, काय त्रास होता, कधीपासून होता, ऑपरेशन कधी झालं, रोज कोणती औषधं गेली, घरी कधी सोडलं. मग बिल हातात घेऊन प्रत्येक रकमेला या वेळापत्रकात जागा आहे का ते बघतो. आई पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला दाखल, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, चौथ्या दिवशी अकराला घरी, असं असेल तर खोलीचे तीन दिवस जुळतात. बिलात चार दिवस लावले असतील तर एक दिवस अडतो. बिलात चार सोनोग्राफी आणि समरीत एकच, तर तिथे खूण होते. तुमच्याकडच्या एका पानाच्या बिलावर बहुतेक ‘हॉस्पिटल व ऑपरेशन चार्जेस’ आणि ‘औषधे’ अशा दोनच ओळी असतील. त्यावरून हे जुळवणं शक्यच नाही, म्हणून ब्रेकअप मागितला.

पैसे भरल्याची पावती वेगळी, बिल वेगळं, हेही बघून घ्या. कित्येकदा लोक पावतीलाच बिल समजून तेवढीच जोडतात. अंतिम बिलाला क्रमांक आणि तारीख हवी, पावतीला स्वतंत्र क्रमांक हवा आणि दोन्हींवर शिक्का हवा. मेडिकलची बिलं संगणकावरची असोत की हातची, त्यावर पेशंटचं नाव, औषधाचा बॅच नंबर आणि दुकानाचा लायसन्स नंबर असतो. तो नसेल तर ते बिल तपासणीत टिकत नाही. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट: आपल्याकडे आईला घरात आणि गल्लीत ‘आक्काताई’ म्हणतात, दाखल करताना कुणीतरी तेच सांगतो, आणि पॉलिसीवर नाव असतं सुनंदा. डिस्चार्ज कार्ड एका नावाचं, मेडिकलची बिलं दुसऱ्या नावाची, अशी फाईल हमखास परत येते. नावात फरक असेल तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर ‘या दोन्ही एकाच व्यक्ती’ असं पत्र घ्या, आधार कार्डाची प्रत जोडा.

आता ब्रेकअपचं गणित. समजा हॉस्पिटलने दिलेला तपशील असा निघाला: स्पेशल रूम ४,००० रुपये दराने तीन दिवसांचे १२,०००, नर्सिंग आणि निवासी डॉक्टर २,४००, सर्जनची फी ३०,०००, भूलतज्ज्ञ ९,०००, ऑपरेशन थिएटर १२,०००, डॉक्टरांच्या व्हिजिट ३,०००, रक्त-लघवी, सोनोग्राफी, ईसीजी आणि काढलेल्या पित्ताशयाची तपासणी मिळून ८,६००, रजिस्ट्रेशन, फाईल वगैरे १,६००, आणि मेडिकलची औषधं व सर्जिकल साहित्य २३,४००. बेरीज १,०२,०००.

३ लाखांच्या जुन्या धाटणीच्या पॉलिसीत रूमची मर्यादा बहुधा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० असते. तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलवर ‘रूम रेंट’ ही ओळ शोधा. तिथे मर्यादा नसेल तर या परिच्छेदाचा उरलेला भाग आणि पुढचा परिच्छेद तुम्हाला लागू नाहीत. मर्यादा असेल तर लोकांना वाटतं, रोजचे हजार कापतील, तीन दिवसांचे तीन हजार जातील, विषय संपला. तसं होत नाही. ४,००० च्या खोलीत ३,००० मंजूर, म्हणजे प्रमाण ७५ टक्के. हेच प्रमाण खोलीशी निगडित खर्चांनाही लागतं: नर्सिंग, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, व्हिजिट. त्यांची बेरीज ५६,४०० आणि त्यातले २५ टक्के म्हणजे १४,१०० कापले जातात. खोलीचे ३,००० धरून १७,१०० गेले. क्लेम कमी का आला असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांचं उत्तर या एका ओळीत असतं.

पण याच कपातीला नियमाने कुंपण घातलेलं आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही प्रमाणात कपात औषधं आणि वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवलेले इम्प्लांट आणि तपासण्या यांना लावता येत नाही. आयसीयूच्या चार्जेसनाही नाही. म्हणजे वरच्या गणितात ८,६०० आणि २३,४०० यांना या कात्रीचा हात लागता कामा नये. आणि दुसरं, जास्त मोलाचं: ज्या हॉस्पिटलात खोलीच्या दर्जानुसार सर्जनची फी, थिएटरचा चार्ज बदलत नाही, तिथे ही कपातच लागू नाही. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या कित्येक लहान हॉस्पिटलांत जनरल वॉर्ड असो की स्पेशल, ऑपरेशनचे पैसे एकच असतात. तुमच्या हॉस्पिटलात तसंच असेल तर डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की रूमनुसार इतर चार्जेस बदलत नाहीत, आणि दरपत्रकाची शिक्का मारलेली प्रत जोडा. दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात शुश्रूषागृहांना बंधनकारक आहे, तेव्हा ‘आमच्याकडे दरपत्रक नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. या एका कागदावर १४,१०० रुपये अवलंबून आहेत. डेस्कवर मी स्पेशल रूम घेणाऱ्या प्रत्येकाच्या फाईलला तो लावतोच.

मग येतात ‘नॉन-पेएबल’ वस्तू. आयआरडीएआयच्या यादीत ग्लोव्हज, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड अशा वस्तू आहेत ज्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. वेगळं कंझ्युमेबल कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. फाईल उघडण्याचा चार्ज खोलीच्या भाड्यात धरलेला आहे, रजिस्ट्रेशन उपचाराच्या खर्चात, त्यामुळे १,६०० वेगळे मिळणार नाहीत. याच यादीत एक ओळ अशी आहे: तपशील न दिलेली कोणतीही किट. मेडिकलच्या बिलात ‘लॅप किट ३,९००’ एवढंच छापलेलं असेल तर आख्खे ३,९०० जातात. दुकानदाराने त्याच किटचा तपशील फोडून दिला आणि त्यात २,९०० च्या टायटॅनियम क्लिप आणि टाक्यांचे धागे निघाले, तर तेवढे वाचतात. म्हणून ब्रेकअप मागायला गेलात की हॉस्पिटलच्या काउंटरवरच थांबू नका, खाली मेडिकललाही तपशील मागा.

समजा किट फोडून मिळाली आणि तिच्यातले १,००० गेले, ग्लोव्हज-मास्कचे १,१०० गेले, १,६०० गेले आणि खोलीचे ३,००० गेले, तर हातात ९५,३०० येतात. प्रमाणात कपात लागली तर ८१,२००. किटही फुटली नाही तर ७८,३००. ऑपरेशन तेच, आई तीच, नुसत्या कागदांनी १७,००० रुपयांचा फरक पडला.

इनडोअर केस पेपर का मागतात? समरी डिस्चार्जच्या दिवशी एका बैठकीत लिहिली जाते, बऱ्याचदा टाइप करणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा. केस पेपर मात्र तासातासाला भरलेले असतात: दाखल करतानाची नोंद, नाडी-ताप-बीपीचा तक्ता, नर्सच्या नोंदी, ट्रीटमेंट शीट, भुलीचा कागद, ऑपरेशनची नोंद. तपासणीत सगळ्यात जास्त बोलतं ते ट्रीटमेंट शीट. एखादं अँटिबायोटिक इंजेक्शन रोज दोनदा लिहिलंय, दाखल झाल्या रात्री पहिलं, मग दोन दिवस दोन-दोन, शेवटच्या सकाळी एक, झाले सहा. मेडिकलच्या बिलात मात्र दहा व्हायल. उरलेल्या चार परत केल्याची नोंद नसेल तर चार व्हायलचे पैसे कापतात, आणि परत करून पैसे घेतले असूनही मूळ बिलच जोडलं असेल तर प्रकरण कपातीवर थांबत नाही, तिथे संशय सुरू होतो. औषधं परत केली असतील तर रिटर्नची पावती जोडा आणि तेवढी रक्कम वजा करूनच क्लेम मांडा.

खोटे केस पेपर ओळखणं तसं अवघड नसतं. तीन दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, न खाडाखोड करता. रात्री दोनचा आणि सकाळी सहाचा ताप, नाडी हुबेहूब सारखी. रक्ताचा नमुना दाखल व्हायच्या आधीच्या वेळेचा. खऱ्या वॉर्डातल्या कागदांवर घाई असते, डाग असतात, ड्यूटी बदलली की अक्षर बदलतं. तुमचे कागद अस्ताव्यस्त दिसले म्हणून कुणाला ते ‘स्वच्छ’ लिहून द्यायला सांगू नका.

केस पेपरच्या प्रती द्यायला हॉस्पिटल टाळाटाळ करतं, हे नेहमीचं. ‘कंपनीला पाहिजेत तर कंपनी येऊन बघेल’ असं सांगतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. तोंडी मागू नका. आईच्या सहीचा साधा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक ठिकाणी पोच मागितली की झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

पित्ताशयाच्या केसमध्ये दोन कागद विसरू नका. ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी, ती बाहेरच्या सेंटरला काढली असली तरी. तिचं बिलही दाखल होण्याआधीच्या खर्चात धरता येतं, बहुतेक पॉलिसीत आधीचे ३० दिवस मोजतात. आणि काढलेल्या पित्ताशयाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. तो डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो, लोक आणायला जात नाहीत, आणि बिलात तपासणीचे पैसे आहेत पण रिपोर्ट नाही अशी क्वेरी पुन्हा निघते. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, तेही बघा.

आता तिसरी मागणी, रक्तदाब. ऑपरेशन पित्ताशयाचं, मग बीपीची चौकशी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. कारण असं: पॉलिसी तीन वर्षांची, समरीत बीपी पाच वर्षांपासून. मग पॉलिसी घेताना ते प्रपोजल फॉर्मवर लिहिलं होतं का? नसेल तर ‘माहिती लपवली’ या मुद्द्यावर कंपनी बोट ठेवू शकते. सलग पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ मध्ये ती पाचवर आली. तुम्ही अजून त्या मुदतीच्या आत आहात, म्हणून हा प्रश्न तुम्हाला येणारच होता.

हे ‘५ वर्षांपासून’ समरीत येतं कसं ते मी रोज बघतो. संध्याकाळी पेशंट कळवळत आलेला, ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर भराभर विचारतो, ‘बीपी, शुगर काही?’ सोबतचा भाचा म्हणतो, ‘हाय की बीपी, बरीच वर्षं झाली.’ ‘किती?’ ‘असंल चार-पाच.’ झालं, कागदावर पाच वर्षं. तोच आकडा चार दिवसांनी समरीत उतरतो आणि टीपीएसाठी तो डॉक्टरचा शब्द असतो. याच रांगेत पोटदुखीचा कालावधीही बसतो. खड्यांना बहुतेक पॉलिसीत सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं. तुमचा तो काळ सरलाय, पण पॉलिसी नवी असताना ‘तीन वर्षांपासून अधूनमधून पोट दुखते’ ही एक ओळ क्लेम अडवायला पुरते.

आईला बीपी खरंच पॉलिसीनंतर निघालं असेल तर समरीवर खाडाखोड करून घेऊ नका, आणि जुनी समरी फाडून नवी ‘सुधारित’ करून आणा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जुनी प्रत टीपीएकडे गेलेली आहे, केस पेपरवरही ‘५’ आहेच. तिन्हींत तीन गोष्टी दिसल्या तर चांगला क्लेम संशयात जातो. सर्जनकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या. त्यात तीन गोष्टी असाव्यात: इतिहास कोणी सांगितला होता, प्रत्यक्षात बीपीचं निदान कधी झालं, आणि ते डॉक्टर कशावरून म्हणतात. तिसरी गोष्ट नसेल तर पत्राला वजन नाही. त्यासाठी तुमच्या घरच्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी शोधा, ज्यावर पहिल्यांदा बीपीची गोळी लिहिली गेली. तारखेसह ती आणि त्या सुमाराची मेडिकलची पावती. जुन्या पावत्या सापडत नसतील तर सीपीआर या सरकारी हॉस्पिटलातल्या ओपीडीचा कागद, आरोग्य तपासणी शिबिराचं कार्ड, काहीही चालेल, पण त्या वेळचं हवं.

आणि बीपी खरोखर पाच वर्षांपासून असेल, तर सर्जनला खोटं लिहायला लावू नका. कंपनीचा माणूस घरच्या डॉक्टरांपर्यंत पोचतो, गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारतो, आईचे आधीचे क्लेम काढतो. खोटं पत्र सापडलं की तो क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. अशा वेळी खरं ते मान्य करा आणि लेखी मांडा की खड्यांचा बीपीशी संबंध नाही आणि खड्यांचा प्रतीक्षाकाळ पूर्ण झालाय. क्लेम सुटेलच असं नाही, पण पुढे दाद मागायला जागा राहते.

प्रत्यक्ष तपासनीस येण्याची शक्यताही धरून ठेवा. लहान हॉस्पिटल, नेटवर्कबाहेरचं, पैसे रोख भरलेले, अशा फायली चौकशीसाठी जास्त निवडल्या जातात. तो आधी हॉस्पिटलात जातो: दाखल रजिस्टर, थिएटरचं रजिस्टर, नोंदणीचा दाखला, खाटा मोजतो. पॉलिसीच्या व्याख्येत, हॉस्पिटलची कायद्याप्रमाणे नोंदणी नसेल तर, दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा लागतात, मोठ्या शहरात १५. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे इथे १० पुरतात. कुणी १५ चा हट्ट धरला तर व्याख्या दाखवा. मग तो घरी येतो, टाक्यांच्या खुणा बघतो, कोणत्या मजल्यावर होता, पैसे कुणी भरले, असं विचारतो. आईला जे आठवतं ते सांगू दे, शेजारी बसून पढवू नका. जबाब लिहून घेतला तर वाचूनच सही, कोऱ्या कागदावर नाही, आणि सही केल्यावर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

उत्तर पाठवताना सगळं एका पत्राखाली, क्वेरीच्या मुद्द्यांच्या क्रमाने लावा आणि पोच घ्या. तुकड्यातुकड्यांनी कागद पाठवले की प्रत्येक तुकड्यामागे नवी क्वेरी निघते. क्लेम कापून आला तर कपातीचा तपशील लेखी मागा, प्रत्येक रकमेसमोर पॉलिसीचं कलम हवं. पूर्ण नाकारला तर नकाराला कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का ते विचारा. २०२४ पासून ती लागते. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. तिथेही पहिल्यांदा मागतात ती तीच फाईल: समरी, ब्रेकअप, केस पेपर आणि पोच घेतलेली पत्रं.